मोसंबीची जेली: पानांवरून पावडरीवर येतानाच्या नोंदी

३ एप्रिल, जालना

शेजारच्या आपांकडून ऑर्डर आली. त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस २१ तारखेला आहे. मोसंबीच्या जेलीचे चाळीस छोटे कप हवेत, आणि टेबलावर मधोमध ठेवायला साच्यातून काढलेली एक मोठी जेली. "मृगाची मोसंबी मोंढ्यात आलीच आहे, तुला काय अवघड?" असं आपा म्हणाल्या. मोसंबी अवघड नाही. जेली अवघड आहे, आणि तीही एप्रिलमध्ये.

कृती हाताशी आहे. भाची जर्मनीत हॉटेलच्या बेकरी विभागात शिकते, तिच्याकडून आलेली: अर्धा लिटर रसाला सिल्व्हर जिलेटिनची ५ पानं, म्हणजे जेली घट्ट करणाऱ्या जिलेटिनचे पातळ पारदर्शक पापुद्रे. दिवाळीला आली तेव्हा पानांची दोन पाकिटंही ठेवून गेली होती. ती काढली आणि मागचा मजकूर फोनवर भाषांतर करून वाचला. डुकराच्या कातडीपासून बनवलेलं. आपांच्या घरी हे चालणं शक्यच नाही. तेव्हा कृती तीच, पण पानांऐवजी पावडर, अशी सुरुवात आहे.

पावडर बेकरी सामानाच्या दुकानातून आणली, २०० ग्रॅमची पुडी. तपकिरी खूण आहे, हलालचा शिक्का आहे, प्रमाण मात्र फक्त "एका कपाला एक चमचा" एवढंच. कोणता कप आणि कोणता चमचा, ते देवालाच ठाऊक. आपांना फोन करून शिक्क्याचं सांगितलं, पुडीचा फोटो पाठवला. कुणाकडचीही ऑर्डर असली तरी जेली शाकाहारी नाही हे मी आधी सांगते. नंतर कळलं की माणूस दुखावतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

४ एप्रिल

आज फक्त मोजमाप.

घरातल्या चहाच्या चमच्याने पावडर घेऊन काट्यावर टाकली. सपाट भरला तर २.२ ग्रॅम, सहज हात गेला तसा शीग लावून भरला तर साडेचारच्या वर. म्हणजे एकाच चमच्यात दुपटीचा फरक. मोजमापाच्या संचातला छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीचा, सुरीने सपाट करून पाच वेळा मोजला. साधारण ३.२ ग्रॅम भरतो. दुसऱ्या कंपनीची पावडर जास्त रवाळ किंवा जास्त बारीक असली तर हाही आकडा हलणार. आता चमचा बंद. सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आहे, तोच वापरायचा.

कपाचंही तेच. मी कप म्हणते तेव्हा २४० मिली. आपांकडचा चहाचा कप १३० मिलीचा निघाला (पाणी घालून मोजला). आमच्या स्टीलच्या वाट्या १५० च्या.

अमेरिकन पुस्तकांत जिलेटिनचं एक छोटं पाकीट ७ ग्रॅमचं असतं. ते २ कप द्रवाला घातलं की साच्यातून काढता येईल अशी जेली होते, म्हणजे कपाला साडेतीन ग्रॅम. तेच पाकीट ३ कपांना घातलं तर चमच्याने खायची मऊ जेली, कपाला २.३ ग्रॅमच्या आसपास. आणि सुरीने चौकोन कापून मुलांच्या हातात द्यायची असेल तर एका कपाला अख्खं पाकीट. या तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या की कुठलीही कृती समोर आली तरी ती कुठे बसते ते कळतं.

भाचीच्या कृतीत अर्ध्या लिटरला ५ पानं. एक सिल्व्हर पान अडीच ग्रॅमचं, म्हणजे साडेबारा ग्रॅम, कपाला ६ ग्रॅम पडतात. वरच्या हिशोबाने हे जवळजवळ चौकोन कापायच्या जेलीचं प्रमाण झालं. पण ती म्हणते जेली छान थरथरते, रबरासारखी होत नाही. मग गडबड कुठे आहे? साडेबारा ग्रॅम पानं म्हणजे साडेबारा ग्रॅम पावडर, हे मी धरून चालले होते, तिथेच.

५ एप्रिल

भाचीशी रात्री बोलले. "मावशी, तू पानं वजनाने का धरतेस? आम्ही मोजून घालतो. कुठल्याही ग्रेडचं असो, पानं तेवढीच."

हे ऐकून डोक्यात प्रकाश पडला. पानांचे चार ग्रेड असतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. जिलेटिन जितकं जोरदार, तितकं पान पातळ आणि हलकं बनवतात. ब्राँझचं पान ३.३ ग्रॅम, सिल्व्हर २.५, गोल्ड २, प्लॅटिनम १.७. कमजोर जिलेटिनचं जड पान आणि जोरदार जिलेटिनचं हलकं पान, काम जवळपास सारखंच. म्हणूनच कृतीत पानांचा आकडा असतो, वजन नसतं. आपण ते पान काट्यावर ठेवून तेवढीच पावडर घेतली की फसलो.

जोर मोजण्याचं माप आहे त्याचं नाव ब्लूम. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने १९२५ मध्ये त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ६.६७ टक्क्यांचं जिलेटिनचं पाणी १० अंशांवर १७ तास घट्ट करायचं, मग अर्धा इंच व्यासाचा दट्ट्या त्यावर ठेवून तो ४ मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम भार लागतो ते पाहायचं. भार १६० लागला तर ब्लूम १६०. सिल्व्हर पान साधारण १६० चं, गोल्ड २०० च्या आसपास, प्लॅटिनम अडीचशेच्या जवळ. (जिलेटिन थंड पाण्यात फुगवण्यालाही इंग्रजीत ब्लूम करणं म्हणतात. व्हिडिओ बघून शिकणारे या दोन अर्थांत हमखास गोंधळतात. मीही गोंधळले होते.)

माझ्या पुडीवर ब्लूम नाही. दुपारी पुन्हा दुकानात गेले. दुकानदारांनी आतून २५ किलोचं मूळ पोतं दाखवलं, त्यातूनच ते पुड्या भरतात. पोत्यावरच्या लेबलवर २०० ब्लूम लिहिलेलं होतं. उन्हातली खेप कामी आली.

आता गणित. पानांचं एकूण वजन गुणिले पानाचा ब्लूम, भागिले पावडरीचा ब्लूम.

```
12.5 x 160 / 200 = 10.0 ग्रॅम पावडर (500 मिलीला)
```

म्हणजे साडेबाराऐवजी दहा. दुसरी एक रीत आहे, तिच्यात ब्लूमच्या भागाकाराचं वर्गमूळ घेतात. कारखान्यांच्या माहितीपत्रकांत ती दिसते:

```
12.5 x sqrt(160 / 200) = 11.2 ग्रॅम
```

एका अर्ध्या लिटरमागे सव्वा ग्रॅमचा फरक. कागदावर भांडत बसण्यापेक्षा दोन्ही करून पाहते.

६ एप्रिल

पहिली चाचणी वाया गेली. का गेली ते नीट लिहून ठेवते.

तीन सारख्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत एकूण १२० मिली साधं पाणी. पहिलीत २.४ ग्रॅम पावडर (सरळ गुणाकाराचा आकडा), दुसरीत २.७ (वर्गमुळाचा), तिसरीत ३ ग्रॅम पान, म्हणजे एक अख्खं आणि दुसऱ्याचा पाचवा भाग कात्रीने कापून. पानांची वाटी फक्त ताडून पाहायला, आपांच्या घरी त्यातलं काही जाणार नाही. ही भांडीही वेगळी ठेवली आहेत.

पावडर थंड पाण्यात शिंपडून भिजवली, पान नळाखालच्या भांड्यात टाकलं. दहा मिनिटांनी हात घातला तर पान हाताला लागेना. बुळबुळीत, कडा विरघळलेल्या, पिळायला गेले तर बोटांच्या फटीतून निसटलं. पाण्यात थर्मामीटर घातला: ३४ अंश. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, एप्रिलचं ऊन, दुपारचे तीन. जिलेटिन वितळायला लागतं तेच मुळी तिशी ओलांडली की. म्हणजे मी पान भिजवत नव्हते, धुऊन टाकत होते. निम्मं जिलेटिन भिजवणाच्या पाण्यातून मोरीत गेलं.

युरोपातल्या कृतीत "थंड पाण्यात भिजवा" एवढंच लिहिलेलं असतं, कारण तिथल्या नळाचं पाणी थंडच असतं. आपल्याकडे बर्फ घालायचा हे वेगळं सांगावं लागतं.

७ एप्रिल

पुन्हा केलं. यावेळी पान बर्फाच्या पाण्यात ८ मिनिटं ठेवलं. मऊ झालं, पण अख्खं राहिलं, पिळलं तरी फाटलं नाही. पिळून वजन केलं तर ३ ग्रॅमचं १८ ग्रॅम झालेलं. म्हणजे पान आपल्या पाचपट पाणी पोटात घेऊन आलं. पावडरीला मी मोजून पाचपट पाणी देते आणि ते एकूण द्रवात धरते. पानाचं पाणीही तसंच धरायला हवं, नाहीतर तिसरी वाटी १२० ऐवजी १३५ मिलीची होते आणि पान कमजोर ठरतं. ते धरून सगळ्या वाट्या १२० वर आणल्या.

पाणी गरम केलं, वाफ दिसायला लागली की गॅस बंद, मग फुगलेलं जिलेटिन आत. उकळी येऊ दिली नाही. खूप वेळ उकळलं की जिलेटिनचा जोर उतरतो, आंबट रसात तर लवकरच. विरघळलं का ते पाहायला चमचा बुडवून उलटा धरायचा. पाठीवर काचेचे चुरे असावेत तसे कण दिसले तर अजून ढवळायचं. ते कण तसेच राहिले तर तळाशी बसतात आणि खाली चिवट थर, वर पातळ जेली असं होतं.

रात्री ८ ला फ्रीजमध्ये.

८ एप्रिल

सकाळी १० ला काढल्या, चौदा तास झाले. वाट्या कोमट पाण्यात पाच सेकंद धरून ताटलीत उलट्या केल्या. वाटीची आतली उंची ४.५ सेंटीमीटर. उलटल्यावर किती उंच उभी राहते ते शाळेच्या पट्टीने मोजलं.

पानाची: ४.१. पावडर २.४ ग्रॅमची: ४.१. पावडर २.७ ची: ४.२ आणि बोटाने दाबलं तर किंचित ताठ.

पट्टी आणि बोट एवढीच माझी प्रयोगशाळा, तेव्हा एका मिलिमीटरवर मोठं काही बोलणार नाही. पण चमच्याने खाल्ली तर पानाची आणि २.४ ची मला वेगळी ओळखू आली नाही, सासूबाईंनाही डोळे मिटून ओळखता आली नाही. सरळ गुणाकार माझ्या कामाला पुरतो. अर्ध्या लिटरला १० ग्रॅम, कपाला ४.८.

९ एप्रिल

आता खरी मोसंबी. मोंढ्यातून दोन किलो आणली, किलोला साधारण ३८० मिली रस निघाला.

सगळा रस साखर घालून गरम केला, त्यातच जिलेटिन विरघळवलं. रात्री चव उत्तम. सकाळी पाहू.

१० एप्रिल

कडू. साध्या भाषेत सांगायचं तर औषधासारखी.

मोसंबीच्या रसाची ही खोड आहे. ताजा पिळलेला गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की त्यात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो. रसवंतीवाले म्हणूनच समोर पिळून देतात. बिया आणि आतला पांढरा दोरा चिरडला गेला तर आणखी जास्त. माझ्या यंत्राने बिया दळल्याच होत्या.

उद्या रस हाताच्या काचेच्या पिळणीवर, हलक्या हाताने, बिया अख्ख्या राहतील असा. आणि रस तापवायचाच नाही. साखरेचा पाक वेगळा करायचा, जिलेटिन त्यात विरघळवायचं, आणि पाक कोमट झाल्यावर रस मिसळायचा.

११ एप्रिल

चव ठीक झाली. पण जेलीत दोऱ्या आल्या, शेवया मोडून टाकाव्यात तशा.

रस ताजा राहावा म्हणून मी तो फ्रीजमध्ये ठेवला होता. गरम पाक त्यात ओतल्याबरोबर जिथे जिथे थंड रस लागला तिथे जिलेटिन तिथल्या तिथे आकसून घट्ट झालं. सगळं मिश्रण पुन्हा कोमट केलं तेव्हा दोऱ्या विरघळल्या, पण तापवण्यापासून वाचवायलाच तर हा सगळा खटाटोप होता. रस घरातल्या तापमानाचा हवा. आपल्याकडे घरातलं तापमान म्हणजे ३२, त्यामुळे हे सोपं आहे. उन्हाळ्याचा एवढा एकच फायदा.

१३ एप्रिल

आपा आल्या, चाखून गेल्या. चव आवडली. मग म्हणाल्या, "यात पपईचे तुकडे टाक ना, रंग छान दिसेल." त्यांच्या झाडाची पपई घेऊनच आल्या होत्या, अर्धवट पिकलेली, करकरीत. मला अंदाज होता, पण आपांसमोर नाही म्हणवेना. दोन वाट्या तशा लावल्या.

१४ एप्रिल

पपईच्या वाटीत प्रत्येक तुकड्याभोवती पाण्याचं तळं. वरचा भाग तर जमलाच नाही, वाटी तिरकी केली की रस वाहतो. बिनपपईची वाटी शेजारी टणटणीत उभी.

आपांना दाखवली. एक क्षण पाहिली आणि त्यांनीच सांगितलं, "अगं, कबाबच्या मटणाला आपण कच्ची पपई लावतो ती मऊ व्हायलाच की. मग ही पण मऊच होणार."

याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, आणि जिलेटिन म्हणजे कातडी-हाडांतलं प्रथिनच. कच्चा अननस, किवी, ताजं अंजीर, आलं हेही असंच करतात. तिथे जिलेटिन दुप्पट घालून काही होत नाही, घातलेलं सगळं तुटतं. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो चांगला तापवलेला असतो. आपण काळी द्राक्षं अर्धी करून टाकायची ठरवली.

१५ एप्रिल

आज उन्हाची चाचणी. मला सगळ्यात जास्त हिची धास्ती होती.

दिवाणखान्यात दुपारी ३८ अंश, कूलर बंद. कपाला ४.८ ग्रॅमची एक आणि ६ ग्रॅमची एक, दोन्ही १२० मिलीच्या, फ्रीजमधून काढून ताटलीत उलट्या केल्या आणि घड्याळ लावलं.

दोघींनाही दुसऱ्याच मिनिटाला घाम फुटला, हवेतली वाफ. वीस मिनिटांत ४.८ वाली खालून चमकायला लागली, ताटलीत पातळ रसाची कड आली. ६ वालीची कड सहा मिनिटं उशिरा आली. पाऊण तासानंतर दोघी बसकट, अर्ध्या ताटलीत रस. फक्त ६ वालीचा उरलेला गोळा खाल्ला तर दाताखाली चामट.

म्हणजे जास्त जिलेटिन घालून मी सहा मिनिटं विकत घेतली आणि त्यांची किंमत चवीत मोजली. जेली तोंडात विरघळते कारण ती अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळते. ज्या खोलीत हवाच अंगाहून गरम आहे, तिथे ती ताटलीतही विरघळणार. चायना ग्रासची जेली या उन्हात तासन्‌तास उभी राहील, ती वितळायला ८५ अंशांच्या पुढे लागतं. पण तिचा घास कटकन तुटतो, थरथरत नाही, आणि आपांना थरथरणारीच हवी आहे.

प्रमाण वाढवायचं नाही हे पक्कं. बर्फ वाढवायचा.

१७ एप्रिल

आपांशी बोलून ठरलं: कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला, साचा केक कापायच्या दहा मिनिटं आधीच उलटायचा, खाली बर्फ भरलेली परात आणि तिच्यावर ताट. कप थर्माकोलच्या खोक्यात, खाली-वर बर्फाच्या पिशव्या.

कपांना ४.८ ची गरज नाही. कपातच खायची, उलटायची नाही. अमेरिकन पाकिटातली पावडर साधारण २२५ ब्लूमची असते, म्हणून तिचं मऊ प्रमाण माझ्या २०० ब्लूमच्या पावडरीला बदलून घेतलं तर कपाला २.६ ग्रॅम येतात. रसातलं आंबट जिलेटिनला थोडं सैल करतं आणि नेताना हिंदकळणार, म्हणून ३ ग्रॅम धरले.

कपांसाठी: चाळीस कप, प्रत्येकी ११० मिली, एकूण ४.४ लिटर. त्याचे मापाचे १८.३ कप होतात, तिपटीने ५५ ग्रॅम पावडर. ती भिजवायला २७५ मिली थंड पाणी. रस ३ लिटर. उरलेला सव्वाअकराशे मिलीच्या आत-बाहेर पाक, साखर विरघळल्यावर मोजलेला. साखर घालायच्या आधी पाणी मोजलं की चुकतं, अर्धा किलो साखर पाण्यात जवळपास ३०० मिलीची जागा घेते आणि जेली तेवढी पातळ होते.

साच्यासाठी: एक लिटर, २० ग्रॅम पावडर, १०० मिली पाण्यात भिजवलेली, रस ७००, पाक २००.

रस एकूण ३.७ लिटर, म्हणजे दहा किलो मोसंबी. आणि तीही हाताने पिळायची. मुलाला कामाला लावणार.

२० एप्रिल

सकाळी ६ ला सुरुवात, टाकीचं पाणी तापायच्या आत. पावडर बर्फाच्या पाण्यावर शिंपडली, एकदम ओतली नाही. एकदम ओतली की गाठी होतात, बाहेर ओल्या आणि आत कोरड्या. दहा मिनिटांत ओल्या वाळूच्या ढेपेसारखी झाली. पाक ७० अंशांवर उतरवून त्यात टाकली, चमच्याच्या पाठीवर काही दिसेनासं होईपर्यंत ढवळली. मग ताजा रस मिसळला. मिश्रण कोमट राहिलं, दोऱ्या नाहीत.

द्राक्षं लगेच टाकली असती तर तळाशी गेली असती. कप अर्धे भरून फ्रीजमध्ये ठेवले. कडेने जेली धरायला लागली तेव्हा द्राक्षं मांडली आणि वरून उरलेलं मिश्रण ओतलं. तोपर्यंत ते बाहेरच्या उष्म्यात पातळच राहिलं होतं, तापवावं लागलं नाही.

अडचण फ्रीजची. चाळीस कप आणि साचा एकदम आत गेल्यावर आतलं तापमान १३ वर गेलं. त्यात साडेअकराला लाईट गेली, ती दोन तासांनी आली. दार उघडायचं नाही अशी सगळ्यांना तंबी दिली. एक-दोन वाट्या चार तासांत जमतात, पण या भरलेल्या फ्रीजला कप धरायला आठ तास लागले. आदल्या दिवशी केलं म्हणून निभावलं. जेली रात्रभर आणखी घट्ट होत जाते, त्यामुळे संध्याकाळी थोडी सैल वाटली तरी घाबरून पुन्हा वितळवायची नाही.

२१ एप्रिल

कप चांगले गेले. चाळीसपैकी एक माझ्या मुलाने वाटेत उलटला.

साचा कोमट पाण्यात धरला, पण मी पाच ऐवजी दहा-बारा सेकंद धरला असणार, घाईत मोजलं नाही. बाहेरचा थर जास्तच सुटला, ताटात उतरताना एका बाजूचा काठ ओघळला. आपांच्या सुनेने तिथे पुदिन्याची पानं लावली. नातवाने हात घालून मूठभर उचलली आणि बोटांतून निसटली तेव्हा मोठ्याने हसला. पंचवीस मिनिटांनी ताटात फक्त रस आणि द्राक्षं होती, पण तोवर जेली निम्म्याहून जास्त संपली होती.

२४ एप्रिल

भाचीचा मेसेज: त्यांच्या हॉटेलात सिल्व्हरऐवजी गोल्ड पानं यायला लागली. "मावशी, तुझ्या वहीत कृती बदल, पान आता दोन ग्रॅमचंच आहे, मग सहा घालायची का?"

तिला तिचंच वाक्य परत पाठवलं: पानं तेवढीच. मग खात्रीसाठी काढून पाहिलं. पाच गोल्ड पानं म्हणजे १० ग्रॅम, ब्लूम २०० धरला तर माझ्या पावडरीचा ब्लूमही २००, म्हणजे १० ग्रॅमला १० ग्रॅम. सिल्व्हरवरूनही दहाच आले होते. वहीतला आकडा खोडावा लागला नाही, फक्त "सिल्व्हर" च्या पुढे "किंवा गोल्ड" लिहिलं. आणि पुडीवर पेनाने "२०० ब्लूम", कारण पुढच्या वेळी दुकानदार दुसरं पोतं फोडतील.